लस थोडी, माणसे फार: आधी कोणाला द्यावी?

१ मार्च २०२१ रोजी साठीपुढील नागरिकांसाठी कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: आपली पाळी केव्हा येणार? पाठोपाठ दुसरा प्रश्न येई, तो मात्र दबक्या आवाजात: शेजाऱ्याची पाळी आपल्या आधी कशी आली? पुढे लस मुबलक झाली आणि दोन्ही प्रश्न विरले. परंतु त्यांची उत्तरे जाणून घेण्याजोगी आहेत. नवी साथ आली, नवी लस निघाली, की पहिले काही महिने ती अपुरीच असते, आणि त्या काळात क्रम कसा लागतो यावर वृद्धांचे प्राण अवलंबून राहतात. त्यातही सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात, जेथे तरुण मुंबईला आणि आईवडील गावच्या घरी अशी असंख्य कुटुंबांची विभागणी आहे, तेथे हा प्रश्न अधिकच जवळचा ठरतो.

दोन वेगळे प्रश्न

लस कोणाला आधी द्यावी हे ठरवताना प्रत्येक व्यक्तीविषयी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे या माणसाला रोग झालाच, तर तो किती गंभीर होईल? हा झाला धोका. दुसरी म्हणजे या माणसाची रोगाशी गाठ पडण्याची शक्यता किती आहे? हा झाला संपर्क. आपण सहसा या दोन्हींना एकच समजतो, पण त्या पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला असतात.

मालवणच्या किनाऱ्यावरचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पहाटे होड्या किनाऱ्याला लागतात, मासळीचा लिलाव होतो, खांद्याला खांदा लावून गर्दी उभी राहते. तेथे मासळी घेऊन बाजारात विकणारी चाळीस वर्षांची बाई दिवसाकाठी शेकडो माणसांच्या जवळ जाते. तिचा संपर्क मोठा, पण कोरोनाने तिचा जीव जाण्याचा धोका तुलनेने कमी. त्याच घरात ओटीवर बसून असलेली तिची ८२ वर्षांची सासू उंबरठा ओलांडत नाही. तिचा संपर्क एवढासा, परंतु सुनेने रोग घरी आणला तर धोका फार मोठा. लस एकच असेल तर ती कोणाला द्यावी?

याचे उत्तर लसीच्या गुणावर अवलंबून आहे. लस संसर्गाचा फैलाव भक्कमपणे रोखत असेल, तर सुनेला लस देऊन दोघींचे रक्षण होते. परंतु लस मुख्यतः गंभीर आजार आणि मृत्यू टाळत असेल, तर ती सासूलाच आधी मिळायला हवी. २०२१च्या आरंभी हाती असलेल्या चाचण्यांतून लस आजारापासून संरक्षण देते हे दिसले होते. ती दुसऱ्याला होणारी लागण किती थांबवते याचा पुरावा तेव्हा अपुरा होता. म्हणून वयाला अग्रक्रम देणे हा त्या वेळचा शहाणपणाचा निर्णय होता.

आपल्याच जिल्ह्यात या उलटचे उदाहरणही आहे. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, हा गोचिडीमुळे पसरणारा ताप १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात प्रथम आढळला आणि २०१६ पासून दोडामार्ग व पुढे बांदा परिसरातही दिसू लागला. त्याच्या लसीचा विचार वयाच्या उतरत्या क्रमाने होत नसे. माकडे मेलेली आढळत तेथून काही किलोमीटरच्या परिघातील गावे आधी निवडली जात, कारण हा रोग जंगलात किंवा काजूच्या बागेत जाणाऱ्याला होतो. माणसाकडून माणसाला होत नाही. ती लस ६५ वर्षांपुढील व्यक्तींना दिलीही जात नसे. एकाच जिल्ह्यात एका रोगासाठी वय निर्णायक ठरले, तर दुसऱ्यासाठी जागा. तेव्हा ‘वृद्धांना नेहमीच आधी’ असा काही कायमचा नियम नाही; रोग कसा पसरतो आणि लस काय करते, यावरून क्रम बदलतो.

२०२१ची उतरंड

कोरोना लसीसाठी केंद्र शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये डॉ. विनोद पॉल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय तज्ज्ञगट नेमला. त्या गटाने सुमारे ३० कोटी लोकांची पहिली यादी कल्पिली. तीत सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी, दोन कोटी आघाडीवरील कर्मचारी, आणि उरलेले २७ कोटी म्हणजे पन्नाशीपुढील नागरिक व त्याहून लहान पण गंभीर सहव्याधी असलेले लोक होते.

१६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून आरंभ झाला. यात डॉक्टर व परिचारिकांबरोबर आशा व अंगणवाडी सेविकाही होत्या. फेब्रुवारीच्या आरंभी पोलीस, गृहरक्षक, सफाई कामगार, महसूल कर्मचारी आदींची पाळी आली. या दोन गटांना संपर्काच्या कसोटीवर प्रथम स्थान मिळाले. आणखी एक कारण होते: आरोग्य सेविकाच आजारी पडली, तर इतरांना लस टोचणार कोण?

१ मार्चपासून धोक्याची कसोटी लागू झाली. ६० वर्षांपुढील सर्व आणि ४५ ते ५९ वयाचे, ठरवून दिलेल्या २० व्याधींपैकी एखादी असलेले नागरिक पात्र ठरले. वय १ जानेवारी २०२२ रोजीचे धरायचे होते, त्यामुळे त्या वर्षात साठी पूर्ण करणारेही यात बसले. सहव्याधींची यादी मात्र वाटते तेवढी सैल नव्हती. नुसती रक्तदाबाची गोळी चालू आहे, एवढ्याने भागत नव्हते. मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा आणि त्याच्या जोडीला उपचार चालू असलेला रक्तदाब, अशी अट होती. शिवाय नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागे. महिनाभरानेच, १ एप्रिलपासून, ४५ वर्षांपुढील सर्वांना दार उघडले आणि ही अट उरली नाही.

एकाच गटात साठ ते नव्वद

या उतरंडीत एक मोठी फट राहिली. साठीपुढील सर्वांचा एकच गट केला, पण त्या गटाच्या आत क्रम सांगितला नाही. साठ वर्षांचे निवृत्त शिक्षक आणि ८८ वर्षांची अंथरुणाला खिळलेली आजी एकाच दिवशी पात्र झाली. पण पात्र होणे आणि लस मिळणे यांत अंतर असते. ज्याच्याजवळ स्मार्टफोन, दुचाकी आणि रांगेत उभे राहण्याची ताकद, तो आधी पोहोचतो.

हे अंतर किती महाग पडू शकते, याचा अंदाज २०२० मध्ये अनेक, मुख्यतः संपन्न, देशांची माहिती एकत्र करून झालेल्या एका अभ्यासातून येतो. लस येण्यापूर्वी संसर्ग झालेल्या दर शंभर माणसांमागे मृत्यूचे प्रमाण ६५व्या वर्षी सुमारे १.४, ७५व्या वर्षी ४.६ आणि ८५व्या वर्षी १५ इतके होते. म्हणजे दहा वर्षांनी वय वाढले की धोका तिपटीने वाढतो. साठीपुढचे सर्व ‘ज्येष्ठ’ या एका शब्दात बसतात, पण त्यांचा धोका एकसारखा नसतो.

ब्रिटनने ही फट ठेवली नाही. तेथे वृद्धाश्रमातील रहिवासी आणि त्यांची शुश्रूषा करणारे सर्वांत आधी, त्यानंतर ८० वर्षांपुढील व आरोग्य कर्मचारी, मग ७५, मग ७० अशी पाच-पाच वर्षांची पायरी उतरत गेली. वय सांगायला कागद थोडा लागतो आणि वाद होत नाहीत, हा त्या पद्धतीचा मोठा गुण. आपल्याकडे अशी पायरी ठेवली असती तर व्यवस्थेवर फार भार पडला नसता, कारण जन्मवर्ष प्रत्येकाच्या ओळखपत्रावर असतेच.

दुसरी मात्रा आधी, की पहिली?

एप्रिल-मे २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट शिगेला असताना लसीचा पुरवठा आटला आणि एक नवा पेच उभा राहिला. शंभर मात्रा आल्या. त्या पहिली मात्रा घेतलेल्यांना दुसरी म्हणून द्याव्यात, की अजून एकही न मिळालेल्यांना पहिली म्हणून?

ब्रिटनने डिसेंबर २०२० च्या अखेरीस ठरवले की दुसरी मात्रा बारा आठवड्यांपर्यंत लांबवावी आणि तेवढ्या अवधीत अधिक लोकांना पहिली द्यावी. एका मात्रेनेही बरेच संरक्षण मिळते, असा त्यामागचा हिशेब होता. भारतात कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते. ते मार्चमध्ये ८ आठवड्यांपर्यंत आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवड्यांपर्यंत वाढवले गेले. कोव्हॅक्सिनचे अंतर मात्र ४ ते ६ आठवडेच राहिले. त्यामुळे कोव्हॅक्सिनची पहिली मात्रा घेतलेल्यांना थांबवून ठेवण्याची सोय नव्हती.

महाराष्ट्राने मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबवले आणि त्यांच्यासाठीच्या कोव्हॅक्सिनच्या मात्रा ४५ वर्षांपुढील, दुसरी मात्रा देय झालेल्या लोकांकडे वळवल्या. केंद्रानेही त्याच सुमारास राज्यांना सुचवले की आपल्याकडून मिळणाऱ्या लसीपैकी किमान ७० टक्के दुसऱ्या मात्रेसाठी राखावी. तरुणांना हा निर्णय बोचला असेल, पण त्याचा आधार स्पष्ट होता. अर्धवट राहिलेले संरक्षण पुरे करणे हे दिलेल्या शब्दाचे पालन होते, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांचा धोका अधिक होता.

शंभर मात्रांचा हिशेब

आता हे सारे एका गावात कसे उतरते ते पाहू. गाव कल्पित आहे आणि आकडेही कल्पित आहेत. हिशेबाची रीत तेवढी खरी. समजा, किनाऱ्यावरच्या एका उपकेंद्रात दहा कुपी आल्या. एका कुपीत दहा मात्रा, म्हणजे एकूण शंभर. गावात ४६ जणांची दुसरी मात्रा देय झाली आहे. दोन नव्या आशा सेविकांना अजून लस मिळालेली नाही. साठीपुढील ९० जण पहिल्या मात्रेची वाट पाहत आहेत: ८० वर्षांपुढील १४, सत्तरीतील ३० आणि साठीतील ४६. त्याखालील वयाची माणसे याहून कितीतरी अधिक आहेत.

पहिली पायरी: सत्तर मात्रा दुसऱ्या मात्रेसाठी राखल्या, पण देय ४६च आहेत. राहिलेल्या २४ वाया जाऊ न देता पहिल्या मात्रेकडे वळवाव्यात. म्हणजे पहिल्या मात्रेसाठी ५४ मिळाल्या.

दुसरी पायरी: दोन आशा सेविकांना दिल्यावर ५२ उरतात. ८० वर्षांपुढील सर्व १४ जणांना दिल्यावर ३८. सत्तरीतील तिसांना दिल्यावर आठ.

तिसरी पायरी सर्वांत कठीण: मात्रा आठ आणि साठीतील माणसे ४६. येथे आधी व्याधी पाहावी. डायलिसिसवर असलेला, हृदयविकाराने गेल्या वर्षात रुग्णालयात राहून आलेला, कर्करोगावर उपचार चालू असलेला, असे पाच जण निघाले असे समजू. उरल्या तीन. आता संपर्क पाहावा. साठी ओलांडूनही रोज बाजारात मासळी विकणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, परिस्थितीमुळे घरी बसणे ज्यांना परवडत नाही अशा अकरा व्यक्ती आहेत. या अकरांत धोका सारखा आणि संपर्कही सारखा. मग सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. जेथे कसोट्या संपतात तेथे चिठ्ठी ही न्याय्य रीत आहे. ओळख, आग्रह किंवा पहाटे चारला उठून रांग लावण्याची ताकद ही न्याय्य रीत नव्हे. निवड न झालेल्या आठ जणांची नावे पुढच्या खेपेच्या माथ्यावर लिहून ठेवावीत.

याच शंभर मात्रा केवळ ‘जो आधी येईल त्याला’ या रीतीने वाटल्या असत्या तर काय झाले असते? सकाळच्या रांगेत चालते-फिरते साठीतले लोक आणि त्यांहूनही तरुण पुढे असते, आणि ऐंशीच्या पुढील चौदांपैकी बहुतेक घरीच राहिले असते. मात्रा तेवढ्याच आणि श्रमही तेवढेच, परंतु वाचणारे प्राण कमी.

अंथरुणावरचा माणूस आणि उघडलेली कुपी

त्या चौदांपैकी काहीजण अंथरुणाला खिळलेले असतील. त्यांच्यासाठी अडचण कुपीचीच असते. एकदा उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागते, आणि टोचल्यावर अर्धा तास माणसावर लक्ष ठेवावे लागते. एकाच्या घरी जाऊन कुपी उघडली तर नऊ मात्रा वाया जाण्याची भीती. म्हणून आरंभी शासनाने घरोघरी लसीकरणास नकार दिला होता. मे २०२१ च्या अखेरीस ज्येष्ठ व दिव्यांगांसाठी घराजवळच्या केंद्रांची कल्पना पुढे आली. जुलैच्या अखेरीस, उच्च न्यायालयातील याचिकेनंतर, मुंबईत अंथरुणावरील रुग्णांना घरी लस देण्यास सुरुवात झाली आणि सप्टेंबरमध्ये केंद्रानेही राज्यांना तसे सुचवले. तोवर या माणसांची पाळी कागदावर कधीच येऊन गेलेली होती.

यावर गावपातळीवरचा तोडगा सोपा आहे. एका वाडीत सहा जण अंथरुणावर असतील, तर त्याच वाडीतले, यादीत आधीच असलेले चार वृद्ध त्याच दिवशी, त्याच तासाभरात बोलवावेत. कुपी पुरी संपते आणि कोणाचा क्रमही मोडत नाही.

दिवस मावळताना उघड्या कुपीत तीन-चार मात्रा उरतात, तेव्हा खरी परीक्षा होते. त्या फेकणे चूक, पण जो जवळ उभा असेल त्याला देणेही चूक. त्यासाठी केंद्राजवळ राहणाऱ्या, पंधरा मिनिटांत पोहोचू शकणाऱ्या पुढील क्रमाच्या व्यक्तींची यादी सकाळीच तयार असायला हवी.

क्रम बिघडला हे कसे ओळखावे?

यादी भिंतीवर लावलेली नसेल, तर पहिली शंका तेथेच घ्यावी. दिवसाअखेर लस मिळालेल्यांत सत्तरीपुढील किती, हे विचारल्यावर उत्तर मिळत नसेल, तर क्रम पाळला गेला की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. तिसरी खूण म्हणजे रांगेत अनोळखी चेहरे वाढणे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी केवळ ऑनलाइन नोंदणी होती. त्या वेळी शहरांतील तरुणांनी दूरच्या ग्रामीण केंद्रांवरील जागा पटापट आरक्षित केल्याच्या तक्रारी राज्यात अनेक ठिकाणी झाल्या. यात कोणी नियम मोडला नव्हता. नियमच असा होता, की जलद इंटरनेट हीच पात्रता ठरली.

घरात आज काय करून ठेवावे?

प्रिय वाचकहो, पुढील साथीत क्रम कोणता असेल ते आज सांगता येत नाही. परंतु ज्या दोन कसोट्यांवर तो ठरेल, त्यांचा पुरावा आपल्याजवळ आजच असू शकतो. घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या ओळखपत्रावरील जन्मतारीख तपासून घ्यावी. नुसते वर्ष छापलेले असेल किंवा ते चुकीचे असेल, तर दुरुस्ती आता करून घ्यावी. वयाचा क्रम त्या एका आकड्यावर लागतो. रुग्णालयातून मिळालेली डिस्चार्ज कार्डे आणि चालू औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवावी. आजार किती वर्षांचा आहे हे त्यांवरूनच सिद्ध होते. पूर्वी कोणती लस केव्हा घेतली याची नोंदही त्यातच असावी, कारण दुसऱ्या मात्रेचा हक्क तारखेवर ठरतो.

मुंबईला असलेल्या मुलांनी आईवडिलांच्या नावाची नोंदणी आपल्या फोनवर केली, तर संदेश मुंबईत येतो आणि आई गावी राहते. तेव्हा गावात प्रत्यक्ष निरोप पोहोचवणारी एक व्यक्ती ठरवून ठेवावी. घरात कोणी अंथरुणावर असेल, तर ते आशा सेविकेला साथ येण्यापूर्वीच सांगून ठेवावे. तिच्या वहीत ‘घरी जावे लागेल’ अशी नोंद असली, तर त्या वाडीतील कुपीचा हिशेब तिला आधीच मांडता येतो.

आणि आपली पाळी मागे आली, तर कारण अवश्य विचारावे. ‘आपल्याहून वयस्क माणसे आधी आहेत’ हे उत्तर मिळाले, तर ते योग्य उत्तर आहे, आणि आपल्याच ओळीत उभ्या असलेल्या ऐंशीच्या आजींसाठी थोडे थांबणे आपल्याला साधेल. ‘यादीच नाही’ असे उत्तर मिळाले, तर मात्र थांबू नये. ग्रामपंचायतीत जावे आणि जन्मवर्षाच्या क्रमाने यादी करून भिंतीवर लावावी, अशी मागणी करावी. तिला लागतो तो फक्त एक कागद, गावातील वृद्धांची जन्मवर्षे आणि एक संध्याकाळ.